तारखा तुमच्या हातात आहेत : अमेरिकेला माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांच्या एचआर विभागांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथून अमेरिकेत कर्मचारी पाठवणाऱ्या कंपन्यांच्या एचआर आणि मोबिलिटी विभागांतली मंडळी

सप्रेम नमस्कार,

मी न्यू जर्सीत राहते. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर इथे आले आणि आता वर्क परमिटवर नोकरी करते. मी वकील नाही. पण गणपतीला, कोजागिरीला, मुलांच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात नव्याने आलेल्या मुली भेटतात आणि एकच प्रश्न विचारतात: 'मला काम कधी करता येईल?' त्यांची कागदपत्रं, तारखा, अर्ज वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

कायदा अमेरिकेचा आहे, तो तुम्ही बदलू शकत नाही. पण त्या कायद्याच्या चौकटीत, बरोबर आलेल्या जोडीदाराला काम कधी मिळणार हे ज्या तीन निर्णयांवर ठरतं, ते तिन्ही निर्णय तुमच्या विभागात होतात. कोणत्या व्हिसावर पाठवायचं, ग्रीन कार्डची प्रोसेस कधी सुरू करायची आणि मुदतवाढीचा अर्ज कोणत्या दिवशी टाकायचा. हे निर्णय घेताना तुमच्यासमोर फक्त कर्मचाऱ्याची फाइल असते. त्याच्या बायकोची फाइल तुमच्याकडे नसतेच, त्यामुळे तिचं काय होतं हे तुम्हाला दिसत नाही. (नवरेही आहेत. बायकोच्या नोकरीमागे आलेले, दहा-दहा वर्षं काम केलेले पुरुष मी इथे घरी बसलेले पाहिले आहेत. बहुसंख्य बायका आहेत म्हणून पुढे 'ती' म्हणते.)

आधी एच-४ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण पुण्यात बसून त्याची कल्पना येत नाही. नुसत्या एच-४वर नोकरी करता येत नाही, फ्रीलान्स करता येत नाही, स्वतःचा धंदा उघडून त्यात काम करता येत नाही. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. घराचा करार, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्डाचा इतिहास, सगळं नवऱ्याच्या नावावर उभं राहतं. शिकता येतं, परीक्षा देता येतात, खऱ्या अर्थाने सेवाभावी असेल ते काम करता येतं. 'पुण्याच्या कंपनीचं काम इथून रिमोट करते, पगार तिकडच्या खात्यात' हा मार्ग अनेकींना तुमचेच मॅनेजर सुचवतात. अमेरिकेत बसून केलेलं काम हे अमेरिकेतलं काम, पगार कुठेही जमा होवो, असं इमिग्रेशनचे वकील सांगतात आणि या वाटेला जाऊ नका म्हणतात. उद्या ग्रीन कार्डच्या अर्जात गेल्या काही वर्षांचं काम लिहावं लागतं, तेव्हा हे उघड होतं. कृपया असा सल्ला देणं थांबवा.

यातून एक वाट आहे. २६ मे २०१५ पासून एच-४वाल्या जोडीदाराला वर्क परमिट, म्हणजे ईएडी कार्ड, मिळू शकतं. अट अशी की एच-१बीवाल्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरायचा अर्ज, मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डच्या प्रोसेसमुळे त्याला एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. या नियमाविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं चालला. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो खटला ऐकायला नकार दिला. म्हणजे आज नियम शाबूत आहे. आय-१४० मात्र कर्मचारी स्वतः भरू शकत नाही. सर्वसाधारण नोकरदारासाठी तो कंपनीच भरते. तिच्या नोकरीची किल्ली तुमच्या कपाटात आहे, असं मी म्हणते ते यामुळे.

पहिला निर्णय व्हिसाचा. कर्मचारी एल-१वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, गेला तर जोडीदाराला एल-२ मिळतो, आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या तडजोडीनंतर एल-२ जोडीदाराला वेगळ्या परवानगीची गरजच उरलेली नाही. विमानतळावर आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत 'एल-२एस' असं आलं की ते आणि एक ओळखपत्र दाखवून ती नोकरीला लागू शकते. एकाच कंपनीतून, एकाच प्रोजेक्टवर, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या दोघांपैकी एकाची बायको पहिल्या महिन्यापासून मुलाखती देते आणि दुसऱ्याची पाच वर्षं थांबते. फरक फक्त तुम्ही कोणता अर्ज भरला याचा.

एल-१ सगळ्यांना देता येत नाही, हे मला माहीत आहे. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तुमच्या भारतातल्या कंपनीत काम झालेलं हवं. क्लायंटच्या ऑफिसात, क्लायंटच्या देखरेखीखाली बसणाऱ्या माणसाला एल-१बीवर, म्हणजे तज्ज्ञ कर्मचाऱ्यांच्या एल-१वर, पाठवायला २००४ च्या कायद्याने मनाई आहे. एल-१बीची एकूण मर्यादा पाच वर्षांची, व्यवस्थापकांच्या एल-१एची सात, आणि आय-१४० मंजूर झाला तरी ती पुढे वाढत नाही. शिवाय एल-१वर नोकरी बदलता येत नाही, म्हणून काही जण स्वतःच एच-१बी मागतात. हे सगळं मान्य. पण जिथे माणूस तुमच्याच ऑफिसात बसणार आहे, जिथे तो एल-१च्या अटींत बसतो, तिथेही 'आमच्याकडे एच-१बीच करतात' म्हणून अर्ज भरला जातो. त्या जोडप्याला दोन्ही पर्याय, त्यांच्या मर्यादांसकट, समोर बसवून कोणी सांगत नाही. निवड त्यांना करू द्या. कुणी पाच वर्षांची मर्यादा पत्करून दोन पगार निवडेल, कुणी एक पगार पत्करून एच-१बी निवडेल. पण कळून तरी निवडतील.

दुसरा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

आय-१४०च्या आधी लेबर सर्टिफिकेशन लागतं, ज्याला सगळे पर्म म्हणतात. त्याच्या पायऱ्या तुम्हाला पाठ आहेत, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. आधी त्या पदाला त्या गावात प्रचलित पगार किती, हे अमेरिकेच्या कामगार खात्याकडून ठरवून घ्यायचं. मग खरोखर जाहिरात द्यायची: राज्याच्या रोजगार कार्यालयात तीस दिवस, दोन रविवारी वर्तमानपत्रात, शिवाय आणखी तीन मार्गांनी. आलेले अर्ज प्रामाणिकपणे तपासायचे. पात्र स्थानिक माणूस मिळाला नाही तर पर्मचा अर्ज भरायचा आणि रांगेत थांबायचं. ते मंजूर झालं की आय-१४० भरायचा. त्याला जादा फी भरली तर कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर मिळतं. म्हणजे शेवटची पायरी तीन आठवड्यांची आणि आधीच्या पायऱ्या दोन-अडीच वर्षांच्या. वेळ जातो तो आधीच्या पायऱ्यांत, आणि त्याहून आधी, तुमच्या पॉलिसीत.

नाशिकच्या एका मैत्रिणीचं सांगते. ती स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्यात आठ वर्षं इमारतींची डिझाइन्स केली, शेवटची तीन वर्षं हाताखाली टीम होती. नवरा आयटीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते टेक्सासला आले, तो एच-१बीवर, ती एच-४वर. कंपनीची पॉलिसी अशी: ग्रीन कार्डचा विचार दोन वर्षांनी, तोही अप्रेझल चांगलं असेल तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन वर्षं भरली. त्याच्या बिझनेस युनिटची मंजुरी यायला जानेवारी २०२४ उजाडला. प्रचलित पगाराचा अर्ज गेला, उत्तर जुलैत आलं. जाहिराती झाल्या, कागद जमवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पर्म दाखल झालं. तेव्हा त्या रांगेला साधारण सव्वा वर्षाहून जास्त काळ लागत होता. त्यापुढे आय-१४०, त्यापुढे तिच्या ईएडीचा अर्ज आणि त्याची काही महिन्यांची वाट. म्हणजे पाऊल ठेवल्यापासून हातात कार्ड पडेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं.

आता हीच फाइल जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली असती असं धरा. पगाराचं उत्तर त्या वर्षीच्या मध्यापर्यंत, जाहिराती होऊन पर्म ऑक्टोबरात. तेव्हा पर्मची रांग वर्षाच्या आत-बाहेर होती. २०२३ च्या शरद ऋतूत आय-१४०, आणि २०२४ च्या सुरुवातीला तिच्या हातात कार्ड. कंपनीने थांबवली दोन वर्षं, तिचा तोटा झाला पावणेतीन वर्षांच्या आसपास. मधल्या काळात सरकारी रांगही लांबली, म्हणून. 'दोन वर्षांनी बघू' ही पॉलिसी ठरवताना हा हिशेब कोणी मांडला होता का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आणि त्या वर्षांत काय गेलं? ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. भारतात तिचं सगळं काम आयएस ४५६ आणि आयएस १८९३ या कोडवर झालेलं. इथे काँक्रीटला एसीआय ३१८, भारांना एएससीई ७, मोजमापं फूट-इंच-पौंडात. तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून हे कोड वाचले, जुन्या डिझाइन्सची इथल्या कोडने पुन्हा आकडेमोड केली. पुण्यातल्या पदवीची इथल्या संस्थेकडून तपासणी करून घेतली, त्यासाठी कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट्स मागवायला तिच्या वडिलांना खेटे घालावे लागले. एफ.ई. ही इंजिनिअरच्या परवान्याची पहिली परीक्षा पास झाली. पण इथे इंजिनिअरने नकाशावर सही करायची तर पी.ई. परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षांच्या जोडीला साधारण चार वर्षांचा अनुभव, बहुतेक परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली केलेला. तो अनुभव अभ्यासाने मिळत नाही, नोकरीनेच मिळतो, आणि नोकरीला ईएडी लागतं. घड्याळ सुरूच होत नाही. शिवाय मुलाखतीत ते शेवटचं काम कोणत्या साली केलं हे विचारतात. दोन वर्षांच्या खंडाला कारण सांगता येतं, पाच वर्षांच्या खंडानंतर तिला पदवीधर मुलांच्या पगारावर ज्युनिअरची जागा देऊ करतात.

तुम्ही पॉलिसी उशिराची का ठेवता, याची कारणं मी ऐकली आहेत. पहिलं कारण, आय-१४० मंजूर झाला की माणूस सोडून जाईल. त्याची ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख त्याच्याबरोबर जाते हे खरं. पण मी पाहिलेल्या घरांत नोकरी बदलण्याचा विषय निघतो तो बहुतेक वेळा 'पलीकडची कंपनी सहा महिन्यांत पर्म सुरू करते' यावरून. उशीर केल्याने माणूस टिकतो असं मला तरी दिसलेलं नाही. दुसरं कारण खर्च. पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कायद्याने कंपनीनेच करायचा आहे, तो आज केला काय आणि दोन वर्षांनी केला काय, तेवढाच. तिसरं कारण खरं आणि अवघड आहे: कंपनीने त्याच भागात त्याच प्रकारच्या कामावरून गेल्या सहा महिन्यांत माणसं कमी केली असतील तर त्यांना आधी विचारावं लागतं, आणि मग पर्म पुढे सरकत नाही. अशा वेळी तुम्ही थांबवलंत तर समजू शकते. पण तेव्हा निदान लेखी कळवा की थांबलं आहे आणि पुन्हा कधी बघणार. 'प्रोसेसमध्ये आहे' एवढ्या उत्तरावर घरातल्या दुसऱ्या माणसाने आयुष्य कसं आखायचं?

माझी मागणी साधी आहे. अमेरिकेत रुजू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रचलित पगाराचा अर्ज जावा. अप्रेझलची अट काढा. ज्याला तुम्ही हजारो डॉलर्स खर्चून विमानात बसवलंत, त्याच्या कामाबद्दल शंका असती तर पाठवलंच नसतं.

या संदर्भात आणखी एक. माणूस नोकरी सोडून गेला की काही कंपन्या त्याचा मंजूर आय-१४० लगेच मागे घेतात. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर कंपनीने मागे घेतला तरी तो त्या कारणाने रद्द होत नाही. पण त्याआधी घेतला तर त्यावर उभं असलेलं बायकोचं ईएडीही धोक्यात येतं. सोडून गेलेल्या माणसाचा राग तिच्या नोकरीवर निघतो. मागे घेण्याची सक्ती तुमच्यावर नसते. १८० दिवस थांबा.

तिसरा निर्णय मुदतवाढीच्या तारखेचा. हा लहान वाटतो, आणि अलीकडे सगळ्यात जास्त नुकसान याच्यामुळे होताना मी पाहते आहे.

कोल्हापूरची एक मुलगी ओहायोत एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये डेटाचं काम करते, किंवा करत होती. नवऱ्याच्या एच-१बीची मुदत जानेवारी २०२६ च्या मध्याला संपत होती. तिचा एच-४ आणि ईएडी त्याच दिवशी. एच-१बीच्या मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधी टाकता येतो, म्हणजे जुलै २०२५ च्या मध्यापासून दार उघडं होतं. कंपनीने सवयीप्रमाणे डिसेंबरमध्ये टाकला. तिचे अर्जही त्याच पाकिटातून गेले. जानेवारीत मुदत संपली. नवरा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर गेला, कारण वेळेत अर्ज टाकलेल्या एच-१बीवाल्याला निकाल येईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. तिला तशी मुभा नाही. अर्ज प्रलंबित आहे म्हणून ती देशात राहू शकते, पण काम करू शकत नाही, एक दिवसही नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिने लॅपटॉप आणि बॅज जमा केला. तिच्या मॅनेजरने काही आठवडे बिनपगारी जागा राखून ठेवली, त्यापलीकडे त्यालाही जमलं नाही.

असं आता जास्त का होतं, त्यातला एक भाग नवा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ सरकारने बंद केली. आधी, एच-४ची मुदत शिल्लक असेल तर अर्जाच्या पावतीवर जुन्या कार्डाने काम चालू ठेवता येई. दुसरी गोष्ट थोडी जुनी. २०२३ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे एच-१बी, एच-४ आणि ईएडी एकत्र दिले तर सरकार ते एकत्रच तपासत असे. नवऱ्याच्या अर्जाला जादा फी भरली की बायकोचाही निकाल त्याबरोबर लागे. ती तडजोड जानेवारी २०२५ मध्ये संपली. एच-४ला स्वतंत्र जादा फीची सोय नाही. म्हणजे आज नवऱ्याचं उत्तर तीन आठवड्यांत आणि बायकोचं काही महिन्यांनी, असं होऊ शकतं आणि होतं.

तुमच्या विभागात डिसेंबरची सवय पडली ती नियम वेगळे होते तेव्हा. कर्मचाऱ्यापुरतं पाहिलं तर आजही शेवटच्या महिन्यात टाकलेला अर्ज वेळेतच असतो, तुमच्या सिस्टिममध्ये सगळं हिरवं दिसतं. म्हणून विनंती अशी: ज्याच्या जोडीदाराकडे ईएडी आहे त्याच्या नावापुढे खूण करा आणि त्याचा अर्ज दार उघडल्याच्या आठवड्यात, म्हणजे सहा महिने आधी, जाऊ द्या. ईएडीचं नूतनीकरणही १८० दिवस आधी टाकता येतं, त्यामुळे दोन्ही बरोबर जातात. त्यासाठी क्लायंटचं पत्र आणि मॅनेजरची सही सात-आठ महिने आधी मागायला सुरुवात करावी लागेल. काम वाढेल, पण खर्च एक डॉलरनेही वाढणार नाही.

पुढचा मुद्दा फार थोड्यांना माहीत आहे, एचआरमध्येसुद्धा. पुष्कळ जोडपी एकाच कंपनीतली असतात. हिंजवडीत एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर. एकाला ऑनसाइट मिळतं आणि दुसरी राजीनामा देऊन एच-४वर येते. खरं तर तिच्यासाठी स्वतंत्र एल-१चा अर्ज तुम्हीच भरू शकता, कारण सलग एक वर्षाची अट तिनेही पूर्ण केलेली असते. पण ही पात्रता विरघळत जाते. अर्जाच्या तारखेपासून मागच्या तीन वर्षांत ते एक वर्ष बसायला हवं, आणि एच-४वर घालवलेला काळ त्यातून वगळून मिळत नाही. राजीनाम्याला दोन वर्षं झाली की दार बंद. इथे बसलेल्या मुलीला हे कळतं तेव्हा बहुधा दोन वर्षं उलटून गेलेली असतात. राजीनामा स्वीकारताना तिच्या एक्झिट मुलाखतीत हे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? आणि राजीनाम्याऐवजी दोन वर्षांची बिनपगारी रजा दिलीत तर इथल्या टीममध्ये तिच्या लायकीची जागा निघाल्यावर तिला आणणं तुम्हालाही सोपं पडेल. रजेचा काळ अनुभवात मोजला जाणार नाही, पण आधीचं वर्ष असतंच.

तिच्यासाठी स्वतःच्या एच-१बीची लॉटरी हा मार्गही असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांसाठी जाहीर झालेली एक लाख डॉलर्सची रक्कम अमेरिकेतच राहून एच-४वरून एच-१बीवर बदल मागणाऱ्यांना लागू नाही, असं सरकारने नंतर स्पष्ट केलं. हे तुमच्या इथल्या मॅनेजरांना ठाऊक नसतं आणि ते 'आता परवडत नाही' म्हणून मुलाखतच टाळतात. अडचण वेगळीच आहे: आता लॉटरीत पगाराच्या श्रेणीनुसार वजन दिलं जातं, वरच्या श्रेणीला चार संधी आणि खालच्या श्रेणीला एक. खंड पडल्यामुळे जिला खालच्या श्रेणीची जागा मिळते, तिची संधीही सगळ्यात कमी. पुन्हा तीच गोष्ट, खंड जितका लांब तितका बाहेर पडण्याचा रस्ता अरुंद.

शेवटी माहितीबद्दल. इमिग्रेशनचा वकील कंपनीचा असतो, हे ठीक. पण एच-४ आणि ईएडीचे अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने जातात. तरी पावती नंबर नवऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवर येतो आणि तिने वकिलाला फोन केला तर 'तुमच्या नवऱ्याला तिकीट रेझ करायला सांगा' असं उत्तर मिळतं. दहा वर्षं प्रोजेक्ट सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या कामाच्या परवान्याची अवस्था नवऱ्याच्या पोर्टलमधून कळते. अर्जात तिचा ईमेल घाला, पावतीची प्रत तिला थेट पाठवा, वकिलाशी बोलायची परवानगी द्या. याला कोणता नियम आड येतो?

आणि हे सगळं ऑफरच्या आधी सांगा. नेमणूकपत्रात पगार, बोनस, रिलोकेशनचे पैसे, सामानाचं वजन सगळं असतं. त्यात चार ओळी वाढवा: जोडीदाराला कोणता व्हिसा मिळेल, त्यावर पहिल्या दिवसापासून काम करता येईल की नाही, नसेल तर कंपनी पर्म कोणत्या महिन्यात सुरू करेल, आणि मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या किती आधी टाकेल. या चार ओळी असत्या तर नाशिकच्या माझ्या मैत्रिणीने कदाचित वर्षभर पुण्यातच नोकरी चालू ठेवली असती, किंवा त्याने दुसऱ्या कंपनीची ऑफर घेतली असती, किंवा दोघांनी जायचं नाही असं ठरवलं असतं. ती त्यांची निवड झाली असती.

तुमच्यापैकी कोणी या चार ओळी आपल्या नेमणूकपत्रात घालणार असेल, तर आधी या वर्षअखेरीपर्यंत मुदत संपणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी काढा आणि त्यातल्या किती जणांच्या जोडीदाराकडे ईएडी आहे हे त्यांना विचारा. येत्या दोन महिन्यांत दार उघडणाऱ्यांचे कागद आत्ताच मागवावे लागतील.

आपली,
न्यू जर्सीतली एक एच-४ धारक